मी आजीचं पत्र मिळालो

नमस्कार मंडळी.

आपल्या मराठीच्या वर्गात मी मोठ्या मुलांकडून दर आठवड्याला चार ओळींची डायरी लिहून घेते. मागे एका मुलाने लिहिलं होतं : ‘मी आजीचं पत्र मिळालो. मी थंड झालो. मला बाबांचा जोक नाही मिळाला. आम्ही उशिरा घरी मिळालो.’

आधी मला हसू आलं. मग लक्षात आलं, की चारही वाक्यांच्या मागे एकच इंग्रजी शब्द उभा आहे, ‘गेट’. त्याचा अर्थ म्हणून आपण त्याला ‘मिळणे’ शिकवलं आणि गप्प बसलो. एका ठिकाणी बिचाऱ्याने ‘होणे’ वापरून पाहिलं, पण तेही फसलं.

पहिलं वाक्य घ्या. ‘आय गॉट अ लेटर’ म्हणताना माणूस पुढे असतो. मराठीत पत्र पुढे येतं आणि माणूस ‘ला’ लावून बाजूला उभा राहतो : मला पत्र मिळालं. क्रियापद वस्तूकडे बघून बदलतं. चिठ्ठी मिळाली, निरोप मिळाला, पुस्तकं मिळाली. बोलणारा मुलगा आहे की मुलगी, याची ‘मिळणे’ला फिकीर नाही. ‘मी मिळालो’ असं म्हटलं, तर हा हरवला होता आणि शोधणाऱ्यांना सापडला असं वाटतं. ‘मी त्यांना मिळालो’ म्हटलं, तर सरळ फितुरीच! माणसाला पुढे आणायचंच असेल तर एक ‘व’ घालावा लागतो, आणि मग त्याचे कष्टही मोजले जातात. ‘तिला बक्षीस मिळालं’ हे नशिबानेही होतं, ‘तिने बक्षीस मिळवलं’ हे नशिबाने होत नाही.

मुलांना मी इथेच थांबवत नाही, कारण मिळण्यातही भेद आहेत. सुट्टी ‘मिळाली’ म्हणजे मागितली आणि कुणीतरी दिली. सुट्टी ‘लागली’ म्हणजे शाळाच बंद झाली. सर्दी तर मिळतच नाही, ती होते.

आता ‘मी थंड झालो’. हे वाक्य व्याकरणात बसतं, म्हणूनच जास्त फसवं आहे. ऐकणाऱ्याला वाटेल, पोरगं आधी तापलं होतं आणि आता शांत झालं. त्याला म्हणायचं होतं, मला थंडी वाजायला लागली. मी वर्गात एक कच्चा नियम सांगते : बदल दुसऱ्याला बाहेरून दिसत असेल तर बहुतेकदा ‘होणे’ चालतं. उंच झाला, जाड झाली, म्हातारे झाले. आतून जाणवणारी गोष्ट असेल तर ती माणसाकडे येते, लागते, वाजते किंवा वाटते. झोप येते, भूक लागते, थंडी वाजते, भीती वाटते. राग येतो, कंटाळाही येतो. नियम कच्चा म्हणाले, कारण ‘आजारी पडलो’ त्यात बसत नाही. शिवाय अनेकदा आपल्याकडे स्वतंत्र क्रियापदच तयार असतं : दमलो, भिजलो, अडकलो, रागावलो. मुलं ‘मी दमलेला झालो’ लिहितात, तेव्हा ‘झालो’ खोडून ‘दमलो’ एवढंच ठेवायला सांगावं.

बाबांचा जोक ‘मिळाला नाही’ याचा अर्थ मराठीत, बाबांनी तो दुसऱ्याच कुणाला देऊन टाकला. जोक कळतो किंवा समजतो. दोन्ही शब्द बरेचदा एकमेकांच्या जागी चालतात, पण ‘समजणे’ला एक वळण आहे. ‘मला समजलं’ म्हणजे उमगलं. ‘मी त्याला डॉक्टर समजलो’ म्हणजे गैरसमज झाला. इथे मात्र ‘ला’ काढून माणूस पुढे आला, की चूकही त्याच्याच पदरात पडते. ‘कळणे’ला हे वळण नाही, म्हणून मी मुलांना आधी ‘कळलं’ शिकवते.

उरलं घर. ‘घरी पोहोचलो’, यात मुलं पुन्हा चुकत नाहीत. मजा वेगळीच आहे. आपण पार्सल पाठवतो तेव्हा फोनवर विचारतो, ‘पोहोचलं का?’ पलीकडून उत्तर येतं, ‘हो, मिळालं.’ वस्तू एकच, पण पाठवणारा तिचा प्रवास बघतो आणि घेणारा आपला हात. मिळाल्याची खूण म्हणून आपण जी मागतो तिला मात्र मिळपावती नाही म्हणत, पोचपावती म्हणतो. आणि कुठे काय बोलावं हे ज्याला कळत नाही, त्याच्याबद्दल आपण म्हणतो, ‘त्याला पोच नाही.’ पोहोचणं, मिळणं आणि कळणं, तिन्ही त्या दोन अक्षरांत आली. हे मी त्या मुलाला सांगितलं. पुढच्या डायरीत त्याने लिहिलं : ‘बाबांचा जोक आज पोहोचला.’

मी ते वाक्य खोडलं नाही.