बरं की, मज्जा करा

(दृश्य: खानापूर तालुका. भातमळणीचं खळं, यंत्रातून उडणारा भुसा.)

नोव्हेंबर सरत आला की या पट्ट्यात माणसाला मान वर करायला सवड नसते. कापलेलं भात फार दिवस उघड्यावर ठेवता येत नाही, आणि तुळशीचं लग्न झालं की गावोगावी मांडव पडतात. मळणी आणि वरात एकाच आठवड्यात येतात.

(दृश्य: मामांच्या हातातला फोन. तडा गेलेली काच, बोटाला चिकटलेला कोंडा.)

बेळगावात नोकरी करणाऱ्या भाच्याचा निरोप होता, "मामा, रविवारी मळणीला येणं होत नाही. मित्राचं लग्न आहे." मामांचं उत्तर आलं, "बरं की. मज्जा करा."

भाच्याला वाटलं, परवानगी मिळाली. रविवारी त्याने वरातीत नाचतानाचे फोटो पाठवले.

आता हे चार शब्द नीट बघू. "बरं की" यातून काहीच कळत नाही. मामांचे जुने निरोप वर सरकवत गेलो, तर युरियाचं पोतं आलं तरी "बरं की", एसटी चुकली तरी "बरं की". जो शब्द माणूस रोज वापरतो, त्याच्यावरून त्याचा सूर ओळखता येत नाही. नेहमीपेक्षा वेगळं काय आहे, ते शोधायचं असतं.

(दृश्य: स्क्रीन जवळून. "मज्जा करा" या ओळीवर बोट.)

वेगळं आहे ते "करा". मामा भाच्याला अरेतुरे करतात. लहानाला एकदम अहोजाहो केलं, की आपल्याकडे कान टवकारावेत. टोमणा लिहून मारायचा तर मराठीत याहून सोपी युक्ती नाही. पण इथेच फसगत होते. लग्नाला भाचा एकटा जाणार नव्हता, सगळी मित्रमंडळी होती. "करा" हे त्या सगळ्यांना उद्देशूनही असू शकतं. व्याकरण दोन्ही बाजूंनी साक्ष देतं.

म्हणून आणखी वर जायचं. दोन दिवस आधी मामांनी लिहिलं होतं, "माणसं मिळंनात." त्यावर भाच्याने नुसता अंगठा दाखवला होता. हा निरोप आणि "मज्जा करा" शेजारी ठेवले, की पारडं झुकतं. ज्याला खळ्यावर माणूस हवा आहे, तो मनापासून मज्जा करा म्हणेल कशाला?

(दृश्य: मामा खळ्याच्या कडेला बसून तोच निरोप मोठ्याने वाचतात.)

आम्ही मामांना तोच निरोप वाचून दाखवायला सांगितला. ऐका. "बरं" लांबलं, "की" खाली पडला, "मज्जा"वर जरा जास्तच जोर आला. शंकेला जागाच उरली नाही. मामा म्हणाले, "भाताची काळजी करूलालो मी, आणि हा नाचाचे फोटो पाठवूलालाय!" लिहितानाही हाच सूर त्यांच्या कानात होता. भाच्याच्या स्क्रीनवर मात्र नुसती अक्षरं उमटली.

2005 साली अमेरिकेत जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. काही वाक्यं उपरोधाने, काही गंभीरपणे, ईमेलने किंवा बोलून समोरच्याला कळवायची. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता, 78 टक्के वेळा ओळखलं जाईल. बोलल्यावर 73 टक्के ओळखलं गेलं. ईमेलवर 56. नाणं उडवलं असतं तरी 50 आले असते. आणखी एका प्रयोगात मैत्रीच्या जोड्या आणि अनोळखी जोड्या ताडून पाहिल्या, तर मैत्रीने अचूकता वाढली नव्हती. "मामाला मी ओळखतो" हा भरवसा म्हणजे भाच्याच्या वाचनाचा पुरावा नव्हे.

मळणी मजूर लावून उरकली. संक्रांतीपर्यंत दोघांत बोलणं नव्हतं. ते काही आम्ही चित्रित केलेलं नाही.

(दृश्य: बेळगाव, खडेबाजार. गर्दीत फोन कानाला लावून चालणारी माणसं.)

भाच्याने तेव्हा काय विचारायला हवं होतं? "टोमणा मारलात काय?" असं विचारलं की कुणीही "छे, नाही रे" म्हणतो. सूर विचारू नये, विषय विचारावा. "मळणीला किती माणसं कमी आहेत?" मनापासून लिहिलं असेल तर "झाली सोय, ये तू आरामात" असं सविस्तर उत्तर येतं. टोमणा असेल तर "तुला काय करायचंय" असं काहीतरी येतं, किंवा निळ्या खुणा येतात आणि उत्तर येतच नाही. हात जोडलेलं चित्र आलं तर मात्र परत तिढा. आभारही असतात आणि "बस्स, आवर आता"ही असतं.

अनोळखी माणसाचं "बरं की" आलं तर वर सरकवायला जुने निरोपच नसतात. तिथे विषयावरचा साधा प्रश्न, नाहीतर सरळ फोन. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज नसल्यामुळे फोन राहून जातो. आवाजी निरोपाचं तसं नाही. बोलून ठेवायचा, रेंज आली की तो जातो, आणि "बरं" किती लांबवलं तेही सोबत जातं.