न्यूट्रॉन मंद करायचा कशाने? तारापूरच्या दोन पाण्यांचा हिशेब

मंडळी, तारापूरला एकाच आवारात दोन जातींच्या अणुभट्ट्या आहेत. 1969 सालच्या पहिल्या दोन साध्या पाण्याच्या, त्यांना दोन-अडीच टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेलं युरेनियम लागतं. तिसरी आणि चौथी भट्टी 540 मेगावॉटची, जड पाण्याची. त्यांना खाणीतून निघतं तसं, जेमतेम 0.7 टक्के युरेनियम-235 असलेलं इंधन पुरतं. हा फरक मुख्यतः मंदायकाने, म्हणजे न्यूट्रॉनचा वेग उतरवणाऱ्या मॉडरेटरने, पाडलेला आहे.

विखंडनातून न्यूट्रॉन निघतो तो साधारण 2 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा घेऊन. युरेनियम-235 त्याला सहज पकडतं ते तो 0.025 इलेक्ट्रॉनव्होल्टवर आल्यावर. म्हणजे ऊर्जा आठ कोटी पटींनी उतरवायची, आणि तीही केवळ टकरींनी. गोटीने तेवढ्याच वजनाच्या गोटीला समोरासमोर ठोकलं तर पहिली जागीच थांबते. हायड्रोजनचं केंद्रक न्यूट्रॉनच्याच वजनाचं असल्यामुळे इथेही तेच घडू शकतं. लक्ष्य न्यूट्रॉनच्या A पट जड असेल, तर एका टकरीनंतर उरणारी किमान ऊर्जा मूळच्या ((A−1)/(A+1))² इतकी. हायड्रोजनसाठी ती शून्य, जड पाण्यातल्या ड्युटेरियमसाठी, म्हणजे दुप्पट वजनाच्या हायड्रोजनसाठी, एक नवमांश, ग्रॅफाइटमधल्या कार्बनसाठी मात्र 72 टक्के. कार्बनशी अगदी समोरासमोर टक्कर झाली तरी न्यूट्रॉन 28 टक्क्यांहून जास्त गमावत नाही.

इथे विद्यार्थी हमखास घसरतात. हायड्रोजनशी टक्कर झाली की सरासरी निम्मी ऊर्जा जाते, म्हणून ते दोनाने भागत सुटतात आणि 26 टकरींवर पोचतात. प्रत्यक्षात लागतात सुमारे 18. अधूनमधून एखादी टक्कर जवळजवळ सगळी ऊर्जा काढून घेते, आणि इथे जमा होतं ते गुणोत्तर. त्यामुळे सरासरी काढायची ती ऊर्जेच्या लॉगरिदमची. ती घट हायड्रोजनसाठी दर टकरीला 1, आणि आठ कोटींचा नैसर्गिक लॉगरिदम 18.2. ड्युटेरियमसाठी हीच घट 0.725 म्हणून 25 टकरी, कार्बनसाठी 0.158 म्हणून 115.

टकरींची संख्या इतकी महत्त्वाची का? वाटेत युरेनियम-238 दबा धरून बसलेलं असतं. 6.7 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आणि त्याच्या वर बऱ्याच ठिकाणी ते न्यूट्रॉन अधाशासारखं गिळतं. मोठ्या उड्या मारणारा त्या जागा ओलांडून जातो. बारीक पावलं टाकणारा त्यांत सापडण्याची शक्यता वाढते. म्हणून इंधन मंदायकात मिसळून टाकत नाहीत, वेगळं ठेवतात. न्यूट्रॉन बाहेर पडून, इंधनापासून दूर, मंद व्हावा. मंद होईपर्यंत न्यूट्रॉन किती दूर जातो त्याचं माप म्हणजे मंदन-लांबी. ती साध्या पाण्यात सुमारे 5 सेंटीमीटर, जड पाण्यात 11, ग्रॅफाइटमध्ये 19. त्यामुळेच तारापूरच्या जुन्या भट्टीत इंधनकांड्यांमधलं अंतर दोन सेंटीमीटरच्या आत आहे, तर 540 मेगावॉटच्या भट्टीत नळ्या 28.6 सेंटीमीटरवर.

आतापर्यंतच्या हिशेबात साधं पाणीच जिंकतं. हरतं ते शोषणात. न्यूट्रॉन गिळण्याची शक्यता मोजायच्या बार्न या एककात त्याच्या रेणूचं शोषण 0.66, जड पाण्याच्या रेणूचं 0.0012. म्हणजे सुमारे 540 पट फरक. साधं पाणी न्यूट्रॉन लवकर मंद करतं, पण स्वतःच बरेच खाऊन टाकतं, आणि ती तूट समृद्ध इंधनाने भरावी लागते.

ही 540 पट जड पाण्याच्या शुद्धतेवरही उलटते. समजा, 99.8 टक्के शुद्ध पाणी आहे. उरलेल्या 0.2 टक्के साध्या पाण्याचं शोषण 0.002 × 0.66, म्हणजे 0.0013 बार्न. एवढ्याशा भेसळीने मंदायकाचं शोषण दुप्पट झालं! ग्रॅफाइटचंही दुखणं असंच, फक्त तिथे खलनायक बोरॉन. वजनाने दशलक्षात एक भाग बोरॉन असलं तरी शोषण जवळपास चतुर्थांशाने वाढतं. 1942 मध्ये शिकागोच्या पहिल्या भट्टीसाठी कमी बोरॉनचं ग्रॅफाइट मिळवण्याची एवढी धडपड झाली ती त्यामुळेच.

जड पाण्याच्या भट्टीत मंदायक आणि शीतक वेगवेगळे फिरतात. मंदायक कॅलेंड्रिया नावाच्या मोठ्या टाकीत, जवळपास वातावरणाच्या दाबाला. वर हीलियमचं आवरण, कारण हवा लागली तर तिच्यातला दमट अंश आत मुरतो. मिसळलेलं साधं पाणी गाळून निघत नाही: हायड्रोजन ड्युटेरियमशी अदलाबदल करून एकाच रेणूत बसतो. ते काढायचं तर निर्वात ऊर्ध्वपातनाचे मनोरे लागतात. शुद्धता घसरल्याचं कळतं ते अवरक्त किरणांच्या मोजणीवरून. भट्टी स्वतःही खूण देते: तेवढीच वीज काढायला इंधनाचे जुडगे आधीपेक्षा लवकर बदलावे लागतात.

उलट दिशेची गळती, म्हणजे उष्णता-विनिमयकाच्या नळीतून जड पाणी बाहेरच्या थंड पाण्यात जाणं, ट्रिटियममुळे सापडते. ड्युटेरियम क्वचितच न्यूट्रॉन पकडतं, पण पकडलं की ट्रिटियम होतं. त्यामुळे बाहेरच्या पाण्याच्या नमुन्यात ट्रिटियम चढलं, की कोणता विनिमयक गळतोय ते शोधायला लागायचं.