गणपतीला नवरा आला आणि टायटर चढलं

मंडळी, पत्रिकेवर एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही छापलंय. मी सिफिलिसपासून सुरू करतो. एचआयव्ही म्हटलं की सगळे सावरून बसतात, सिफिलिसला कोणी विचारत नाही. बिचारा रुसेल.

रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातली सून. नवरा मुंबईला. जूनमध्ये, गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात तिनं नाव नोंदवलं. बोटाच्या थेंबावर एकाच पट्टीत दोन्ही तपासण्या झाल्या: एचआयव्ही निगेटिव्ह, सिफिलिस पॉझिटिव्ह. पट्टी बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहते, म्हणून आजार वाढतोय की ओसरतोय हे पाहायला आरपीआर ही रक्ताची दुसरी तपासणी लागते. रक्त किती पट पातळ केलं तरी ती पॉझिटिव्ह येते, तो आकडा म्हणजे टायटर. हिचं आलं 1:16.

आजार कधीचा ते कळेना, म्हणून बेंझाथिन पेनिसिलिन 24 लाख युनिट, आठवड्याच्या अंतरानं तीनदा. दाट, दुधाळ औषध; निम्मं उजव्या कुल्ल्यात, निम्मं डाव्या. दुखतं हो. त्याआधी एका दवाखान्यात रिअॅक्शनच्या धास्तीनं तिला अॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या दिल्या होत्या. माझा राग इथंच आहे. त्या गोळ्या वारेपलीकडे पुरेशा पोचत नाहीत. आईला आराम पडला तरी पोटातलं बाळ तसंच राहतं. अॅलर्जी खरीच असेल, तर बाईला दाखल करून पेनिसिलिनची सवय लावतात, पण औषध तेच देतात.

ऑगस्टमध्ये टायटर 1:4 वर उतरलं. संबंधातून तिला पुन्हा लागण होऊ नये म्हणून इंजेक्शनसाठी नवऱ्याला फोन केला, तर म्हणे, "गणपतीला येतोच आहे, तेव्हा घेतो." आला. आरत्या झाल्या, मोदक झाले, इंजेक्शन तेवढं राहिलं! (मागच्या रांगेतले चाकरमानी हसतायत, त्यांना कळलं.) नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आठव्या महिन्यात आशाताईंनी तिला पुन्हा तपासायला आणलं: 1:32. टायटर चौपट किंवा जास्त चढलं तर तो नवा संसर्ग धरायचा.

लगेच पुन्हा इंजेक्शन. नवऱ्यालाही दिलं, त्याच्या आईनंच हाताला धरून आणला. घाई का? उपचार बाळंतपणाच्या निदान 30 दिवस आधी सुरू झालेले नसतील, तर ते बाळासाठी अपुरे धरतात. ती डिसेंबरअखेर बाळंत झाली. आईचं टायटर 1:16, बाळाचं 1:8. बाळाचं आईच्या चौपट असतं तर बाळालाच लागण झाल्याची शंका, मग दहा दिवस शिरेतून पेनिसिलिन. याचं एका इंजेक्शनवर भागलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर एचआयव्ही. उपचार नसेल तर शंभरांतल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. गोळी वेळेत सुरू होऊन नीट चालली तर पाचाहून कमी. रोज एक गोळी, निदान झाल्या दिवसापासून जन्मभर. रक्तातला विषाणू दबला की बाळाकडे जायला जवळजवळ उरतच नाही, म्हणून बाळंतपणाच्या तोंडावर व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, पाहायचा. बाळाला नेव्हिरापिन या विषाणूवरच्या औषधाचं सिरप सहा आठवडे, आईचा लोड जास्त असेल तर आणखी. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन विषाणूच शोधतात. साधी अँटिबॉडीची तपासणी तेव्हा करू नका. आईच्या अँटिबॉडी बाळात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, लागण नसतानाही तपासणी पॉझिटिव्ह येते आणि घर उगाच रडत बसतं.