नारळ खवायचा शब्द

(दृश्य: एडिसन, न्यू जर्सी. स्वयंपाकघर. ओट्यावर पिठीचं पातेलं, परातीत उकड. आजी, आई आणि नऊ वर्षांची नात.)

गणपतीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. दोन वाट्या पिठीला दोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. उकड निघाली आहे आणि गरम असतानाच ती मळायला हवी, म्हणून आजी हाताला पाणी लावून मळते आहे.

आजी या देशात 1972 साली आली. 1965 च्या कायद्याने अमेरिकेची दारं भारतीय इंजिनिअर आणि डॉक्टरांना उघडली, त्यानंतर जी मराठी घरं इकडे आली त्यांतलं हे एक. मुलगी इथेच जन्मली, नातही इथलीच. एका ओट्याशी तीन पिढ्या उभ्या आहेत.

(दृश्य: तिघींचे हात. फक्त हात.)

आता कान देऊन ऐका. आजी म्हणते, "पारी कडेने पातळ कर, मग कळ्या पाड." आई म्हणते, "हो, कळ्या करते." नात म्हणते, "आय नो, आय कॅन फोल्ड इट." तिच्या मोदकाला अकरा कळ्या आहेत, आजीच्या मोदकाइतक्याच नेटक्या. कृती हातात उतरली आहे, तिचं क्रियापद उतरलेलं नाही.

भाषा जाते तेव्हा आधी नामं जातात असा आपला समज असतो. या घरात मोदक, सारण, आजी, आबा, देव, तूप ही नामं तिसऱ्या पिढीकडेही आहेत. गेली आहेत ती क्रियापदं. मेथी निवडणं, लसूण सोलणं, भाजी चिरणं, गाजर किसणं, नारळ खवणं, ही आजीची पाच वेगळी कामं आहेत. आईकडे त्यातली तीन उरली आहेत. नातीकडे एकच आहे : कट करणं. मराठीत 'करणं' कुठल्याही इंग्रजी शब्दाला जोडता येतं, त्यामुळे वाक्य अडत नाही. आणि अडत नाही म्हणूनच घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

(दृश्य: फ्रीजर उघडतो. खवलेल्या नारळाचं गोठवलेलं पाकीट. त्यावर कॅमेरा थांबतो.)

'खवणं' का गेलं त्याचं उत्तर या पाकिटात आहे. या घरात खवणीच नाही. जे काम घरात होत नाही, त्याचा शब्द मुलाच्या कानावर पडत नाही.

(दृश्य: आई आणि नात समोरासमोर, मध्ये चित्रांचं पुस्तक.)

व्याकरणाची झीज याहून बारीक असते. पुस्तकातल्या मुलाने काय काय खाल्लं ते सांग, असं आईने विचारलं. नात सांगते : "आंबा खाल्ला. पोळी खाल्ला. केळं खाल्ला." भूतकाळात आपलं क्रियापद खाणाऱ्याकडे न पाहता खाल्लेल्या वस्तूकडे पाहतं, म्हणून पोळी खाल्ली, केळं खाल्लं. इंग्रजीत असलं काहीच नाही, त्यामुळे मूल एक रूप धरतं आणि सगळीकडे तेच वापरतं. दुसरी खूण सामान्यरूपाची : रस्त्यावरऐवजी 'रस्तावर', पाण्यातऐवजी 'पाणीमध्ये'. चार वर्षांचं मूल असं बोललं तर ते शिकत असतं. नऊ वर्षांचं मूलही तसंच बोलत असेल, तर त्याचं मराठी कुठल्या वयात थांबलं ते कळतं.

तिसरी खूण मात्र मनाला लागते. नात आजीला म्हणते, "आजी, आम्ही उद्या पार्कला जाऊ." आजी म्हणते, "जा हं, मी घरी थांबते." नातीला म्हणायचं होतं 'आपण'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे.

(दृश्य: सकाळी सव्वासात. डबा, दप्तर, पिवळी बस.)

हे होतं कसं, ते या सकाळीत दिसतं. पाच वर्षांपर्यंत नातीचे दिवस आजीसोबत गेले. मग शाळा सुरू झाली. आठवड्यात जागेपणाचे साधारण 98 तास, त्यातले पन्नासच्या वर शाळा, बस आणि शाळेनंतरच्या पाळणाघरात जातात. उरलेल्या वेळात गृहपाठ आणि पडदा. आणि सव्वासातला घाईच्या वेळी आई जे बोलते ते तिच्या स्वतःच्या सोप्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत. घरात मोठं भावंड असेल तर ते शाळेतून इंग्रजी घेऊनच येतं आणि धाकट्याची मराठी आणखी लवकर आटते.

आईची मराठी का आटली तेही सांगायला हवं. ती बालवाडीत असताना शिक्षिकेने आजी-आजोबांना सुचवलं होतं की घरी इंग्रजी बोला, नाहीतर मुलगी मागे पडेल. त्या काळी असा सल्ला सर्रास दिला जाई. तो चुकीचा होता, दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं खुंटत नाही. पण आजी-आजोबांनी तो मुकाट्याने पाळला.

(दृश्य: रविवार. मराठी शाळेचा वर्ग, फळ्यावर बाराखडी. मुलं एका सुरात वाचतात.)

उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली गावोगावी अशा शाळा चालतात, बहुतेक ठिकाणी पालकच शिकवतात. त्यांच्या कष्टांना तोड नाही. पण दीड तासाचा एक वर्ग, वर्षाला तीस रविवार, म्हणजे पंचेचाळीस तास. घरात रोज अर्धा तास मराठी झालं तर वर्षाला एकशे ब्याऐंशी. वर्ग अक्षर देतो. बोलणं याच ओट्याशी मिळायला हवं.

(दृश्य: पुन्हा ओटा. आजी आणि नात.)

तो अर्धा तास कसा घालवायचा? मुलाला थांबवून "असं नाही, तसं म्हण" म्हटलं की मूल इंग्रजीत शिरतं. म्हणून आजी चूक दाखवत नाही, बरोबर रूप प्रश्नात परत देते. नात म्हणते, "मी पोळी खाल्ला." आजी : "पोळी खाल्लीस? कितीशी खाल्लीस?" आणि हो-नाहीवर सुटेल असा प्रश्न ती टाळते, दोन क्रियापदं समोर ठेवते.

"आजी, इट ब्रोक."

"पारी फाटली, की कळी सुटली?"

(क्षणभर शांतता.)

"फाटली."

शब्द आजीचाच होता, नातीने फक्त निवडला. पण निवडायला तो ऐकावा लागला, समजावा लागला आणि तोंडाने म्हणावा लागला. तो पक्का व्हायला याच ओट्याशी आणखी पुष्कळ पाऱ्या फाटाव्या लागतील. आणि काम एकच ठरवून धरलेलं बरं : मोदक नाही तर रोजची कणीक, अंघोळीनंतर केस विंचरणं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणं. तेच काम, तीच क्रियापदं, रोज. सुट्टीत पुण्याला पाठवणं हा उपाय सगळे सांगतात, पण तिथली मावस-मामे भावंडं इंग्रजी माध्यमात शिकतात आणि तासाभरात सगळी मिळून इंग्रजीच बोलू लागतात. तिथेही मराठी मिळते ती घरातल्या वडीलधाऱ्यांकडेच.

(दृश्य: मोदकपात्राचं झाकण. वाफ. बारा मिनिटं. झाकण निघतं.)

(दृश्य: फोनचा पडदा. पुण्याहून पणजी.)

पणजीला इंग्रजी येत नाही.

"काय गं, केलेस का मोदक?"

"हो."

"किती केलेस?"

"ट्वेंटी-वन."

(पणजी कान पुढे करते. नात आईकडे पाहते. आई नातीकडे.)

फोन दोन मिनिटं चालला.

(निवेदन नाही. नात एक मोदक उचलून पडद्यासमोर धरते.)