उंची नव्हे, चढ पाहा

श्रोतेहो, नमस्कार. अनुमापनाचा आलेख समोर आला की अनेक विद्यार्थी उभ्या अक्षावर सामू 7 शोधतात, तिथून आडवी रेघ ओढतात आणि ती वक्राला जिथे छेदेल तो समतुल्य बिंदू म्हणून मोकळे होतात. ही सवय आज मोडायची आहे. जमल्यास कागद-पेन्सिल जवळ घ्या.

शंकूपात्रात 0.1 मोलर अॅसेटिक आम्ल 25 मिलिलिटर आहे, ब्युरेटमध्ये तितक्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड. सुरुवातीला सामू साधारण 2.9 असतो. थोडा चटकन चढतो, मग बराच वेळ रेंगाळतो. 24 मिलिलिटर घातल्यावरही तो जेमतेम 6.1 असतो. आता मात्र हात आवरा. एकदम दोन मिलिलिटर सोडलंत तर पुढची नोंद थेट 11.3 येईल, आणि मधली रेघ पेन्सिल नेईल तशी जाईल. म्हणून इथे 0.1 मिलिलिटरच सोडायचं, ढवळायचं, आकडा स्थिरावला की लिहायचा.

नोंदी अशा येतात: 24.8 ला 6.85, 24.9 ला 7.16, 25.0 ला 8.72, 25.1 ला 10.30, 25.2 ला 10.60. आता लागोपाठच्या नोंदींची वजाबाकी करा. 0.31, मग 1.56, 1.58 आणि पुन्हा 0.30. सर्वांत मोठ्या दोन उड्या 25.0 च्या दोन्ही बाजूंना आहेत. समतुल्य बिंदू तिथेच, आणि तिथला सामू 8.7, सात नव्हे. कारण त्या क्षणी पात्रात उरतं ते सोडियम अॅसिटेट. अॅसिटेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन ओढून घेतो, मागे हायड्रॉक्साइड राहतो, द्रावण किंचित आम्लारिधर्मी होतं. फिनॉल्फ्थॅलिन इथे चालतं ते याचमुळे. मिथिल ऑरेंज घातलंत तर साडेसात मिलिलिटरच्या आसपासच ते पिवळं पडेल, आणि आम्लाचा मोठा भाग तसाच उरलेला असेल.

चढावर भरवसा ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. सामूमापक सगळे आकडे 0.3 ने जास्त दाखवत असेल, तर अख्खा वक्र वर सरकतो, पण वजाबाक्या तशाच राहतात, 25.0 जागचा हलत नाही. मापक चुकतोय हे आलेखच सांगतो: निम्म्या आकारमानाशी, म्हणजे 12.5 ला, सामू 4.76 च्या जवळ हवा. तिथे 5.06 दिसला तर मापक बफर द्रावणांनी पुन्हा जुळवून घ्या.

ब्युरेटच्या तोटीत अडकलेला हवेचा बुडबुडा मात्र वक्र आडवा सरकवतो. तो मध्येच सुटला की त्याच्या जागी भरलेलं द्रावणही वापरलेलं म्हणून मोजलं जातं, आणि ही चूक कुठल्याही वजाबाकीत दिसत नाही. त्यासाठी पहिली नोंद घेण्याआधी तोटी उजेडात धरून पाहायची.