उभे दांडे : एलिसेगच्या स्तंभाचे वाचन

[दृश्य: हिरव्या कुरणातील छोटा उंचवटा. त्यावर एकटा दगडी स्तंभ. मागे टेकड्या.]

उत्तर वेल्समधलं लँगोलेन हे नदीकाठचं लहानसं गाव. तिथून थोडं पुढे गेलं की वाले क्रूसिस नावाच्या जुन्या मठाचे अवशेष लागतात. वाले क्रूसिस म्हणजे क्रूसाचं खोरं. मठ १२०१ साली उभा राहिला, पण ज्या क्रूसावरून खोऱ्याला हे नाव मिळालं, तो मठाहून साडेतीनशे वर्षं जुना. आज त्याचा माथा नाही. उरला आहे तो खाली गोल आणि वर चौकोनी होत गेलेला खांब. याला एलिसेगचा स्तंभ म्हणतात.

हे एका पणतवानं आपल्या पणजोबांसाठी उभारलेलं स्मारक आहे. पणतू कंगेन हा पोविस या जुन्या वेल्श राज्याचा राजा. तो रोममध्ये वारला, ८५४ किंवा ८५५ साली. म्हणजे स्तंभ त्याच्या आधीचा, बहुधा नवव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यावर लॅटिन भाषेत एकतीस ओळींचा लेख होता.

[दृश्य: कॅमेरा दगडाच्या अगदी जवळ. शेवाळाचे ठिपके, खडबडीत पृष्ठभाग.]

लेख "होता" असंच म्हणावं लागतं. दिवसाच्या सपाट उजेडात इथे काही कोरलेलं आहे हेही चटकन जाणवत नाही. संध्याकाळी ऊन तिरपं झालं, की कुठे एखादी रेघ उठते, कुठे अक्षराचा अर्धा वळसा दिसतो. आपल्याकडे वीरगळावरच्या किंवा गधेगळावरच्या ओळी वाचणारे लोक रात्री विजेरी दगडाला लावून बाजूने प्रकाश टाकतात, तीच ही युक्ती. पण तिलाही मर्यादा आहे. तिरपा प्रकाश खोलगट भागात सावली पाडतो. अक्षराचा तळच झिजून भोवतालच्या पृष्ठभागाशी सपाट झाला असेल, तर सावली पडायला काही उरत नाही.

मग हा लेख आपल्याला माहीत कसा?

[दृश्य: कागदावर शाईची लेखणी.]

१६९६ साली एडवर्ड लूइड इथे आला. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचा हा प्रमुख वनस्पती, जीवाश्म, भाषा, दगड असं सगळंच टिपून ठेवणारा माणूस होता. त्याला स्तंभ मोडून पडलेला दिसला. लेखातली बरीच अक्षरं तेव्हाच गेली होती. जी दिसली ती त्यानं उतरवून घेतली, आणि जिथे दिसलं नाही तिथे जागा मोकळी सोडली. पुढे १७७९ साली ट्रेव्हर लॉइड या स्थानिक जमीनदारानं खांब पुन्हा उभा केला आणि दगडाच्या दुसऱ्या अंगावर त्याबद्दलचा स्वतःचा लॅटिन लेख कोरवला.

लूइडनं उतरवलेला मूळ कागदही हरवला. आज हाती आहेत त्या त्याच्या दोन नकला. म्हणजे नवव्या शतकात कोरलेलं, सतराव्या शतकात झिजलेल्या दगडावरून उतरवलेलं आणि मग कागदावरून कागदावर आलेलं असं आपण वाचत आहोत. या लेखाचं भाषांतर करताना हे तीन टप्पे क्षणभरही विसरून चालत नाही. एखादं अक्षर चुकलेलं वाटलं, तर चूक कोरणाऱ्याची, पाहणाऱ्याची की नक्कल करणाऱ्याची, हे आधी विचारावं लागतं.

स्तंभाच्या नावातच याचा नमुना आहे. लूइडनं प्रत्येक ठिकाणी "एलिसेग" लिहिलं. पण वेल्सच्या जुन्या वंशावळींत हाच पूर्वज येतो तो "एलिसेद" असा, शेवटी द. म्हणून "ग" ही चूक आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. ती लूइडच्या नजरेची की कोरणाऱ्याच्या छिन्नीची, हे दगड आता सांगत नाही. माझ्या मते अशा वेळी भाषांतरात "एलिसेग"च ठेवावं आणि टीप द्यावी. गुपचूप "एलिसेद" लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की दगडावर तसंच आहे.

[दृश्य: पडद्यावर लेखाचा पहिला भाग, मराठीत.]

सुरुवात सोपी आहे, कारण वंशावळ स्वतःच स्वतःला सावरते.

"कॉन्केन हा कातेलचा पुत्र, कातेल हा ब्रोहमेलचा पुत्र, ब्रोहमेल हा एलिसेगचा पुत्र, एलिसेग हा गुओइलॉकचा पुत्र. म्हणून एलिसेगचा पणतू कॉन्केन यानं आपल्या पणजोबा एलिसेगसाठी हा दगड उभारला."

कॉन्केन म्हणजेच आपला कंगेन, जुन्या लेखनात. इथे मधलं प्रत्येक नाव लागोपाठ दोनदा येतं, एकदा बाप म्हणून, एकदा मुलगा म्हणून. एका ठिकाणचं अक्षर गेलं तर दुसरीकडून भरता येतं. अशी भर चौकोनी कंसात घालतात. कंस म्हणजे "हे अक्षर दगडावर दिसत नाही, मी घातलं आहे" अशी कबुली. जे अंधुक दिसतं पण खात्री नाही, त्याखाली टिंब देतात. जे भरताच येत नाही तिथे नुसते ठिपके.

आणि मग येते तिसऱ्या परिच्छेदातली ती ओळ.

[दृश्य: काळ्या पडद्यावर पाच खुणा: व्ही । । । ।]

एलिसेगनं पोविसचा वारसा अँगल लोकांच्या ताब्यातून सोडवला, असं तिथे सांगितलं आहे. कसा सोडवला, किंवा किती काळात, ते सांगणारे दोन शब्द आहेत. पहिला "पेर". दुसऱ्यात एक व्ही आणि त्यापुढे चार उभे दांडे.

लेख त्या काळच्या हस्तलिखितांच्या वळणानं कोरलेला होता. त्या वळणात आय म्हणजे एक उभा दांडा आणि एम म्हणजे तीन दांडे, वरून जोडलेले. व्ही आणि यू हे एकच अक्षर. आता मोजा. व्ही, मग एक दांडा आय, मग तीन दांडे एम. झाला लॅटिन शब्द "विम्". "पेर विम्", म्हणजे बळानं.

पण एमच्या दांड्यांना जोडणारी वरची बारीक कमान झिजली असेल तर? मग उरतात चार सुटे दांडे. रोमन आकड्यांत व्ही म्हणजे पाच. पाच आणि चार, नऊ. नऊ हा आकडा असाही लिहीत. मग वाचन होतं "नऊ … भर". नऊ काय, तर "वर्षं". आणि हा "वर्षं" शब्द नकलेत नाही. तो वाचणारे कंसात घालतात.

[दृश्य: कमान हळूहळू पुसट होत जाते, पुन्हा उमटते.]

दोन्ही वाचनं छापली गेली आहेत. एका वाचनात राजा बळानं लढतो. दुसऱ्यात नऊ वर्षं चाललेलं युद्ध आहे, आणि असं युद्ध इतिहासकाराला हवंहवंसं वाटतं, त्याला कालपट मिळतो. आख्खी नऊ वर्षं एका झिजलेल्या कमानीवर उभी आहेत. झिजलेला देवनागरी लेख वाचताना काना की दंड हा पेच ज्यांना पडला आहे, त्यांना हे लगेच कळेल.

मला "बळानं" अधिक पटतं. त्यासाठी न दिसणारा शब्द आणावा लागत नाही, आणि ओळीत पुढेच तलवार आणि आग आहे. पण पटणं म्हणजे वाचणं नव्हे. म्हणून भाषांतरात एक वाचन ओळीत घ्यायचं आणि दुसरं टिपेत तितक्याच ठळक अक्षरात द्यायचं.

याच ओळीत मराठी भाषांतरकारासाठी आणखी दोन खड्डे आहेत. लॅटिन शब्द वारशाचा आहे. लेखणी सहज "वतन" लिहून जाते, आणि मग पोविसमध्ये आपले देशमुख-पाटील येऊन बसतात. दुसरं, "अँगल" लोकांना "इंग्रज" म्हणण्याचा मोह. भाषेच्या दृष्टीनं ते नाव त्यांच्यापासूनच आलं, पण मराठी कानाला इंग्रज म्हटल्यावर वेगळीच दोनशे वर्षं ऐकू येतात. ही झीज दगडाची नाही, तरी अर्थ तितकाच बिघडतो.

[दृश्य: स्तंभाच्या मधल्या भागावरून सावकाश सरकणारा कॅमेरा.]

यानंतर लेखाचा मधला भाग येतो आणि तिथे दगडानं जवळजवळ हात टेकले आहेत. सुटे शब्द तेवढे उरले: "राज्य", "मॅक्सिमस", "ब्रिटनचा", आणि काही नावं, त्यांत पास्केंट, मौन, अन्नान. क्रियापद नाही. कोण कोणाचा, ते नाही. पुढच्या, बऱ्या स्थितीतल्या परिच्छेदात कळतं की ब्रितु हा ग्वार्थिगिर्नचा पुत्र आणि त्याची आई सेविरा ही "रोमनांच्या राजाला मारणाऱ्या" मॅक्सिमसची मुलगी. मॅग्नस मॅक्सिमसनं ३८३ साली सम्राट ग्रेशियनविरुद्ध बंड केलं आणि ग्रेशियन मारला गेला, हे इतर ग्रंथांतून ठाऊक आहे. सेविरा नावाची मुलगी मात्र फक्त या दगडावर आहे. हे कळल्यावर मधल्या तुकड्यांतही तेच नातं बसवून गोष्ट पुरी करावीशी वाटते. तसं करू नये. तिथे ठिपकेच लिहावेत.

स्पष्ट वाचता आलेला शब्दही कधी शंका ठेवतो. शेवटाकडे कॉन्मार्क नावाचा माणूस येतो. राजाच्या सांगण्यावरून त्यानं हा लेख "रंगवला" असं लिहिलं आहे, "कोरला" असं नाही. त्यानं दगडावर आधी रंगानं अक्षरं आखून दिली असतील आणि कोरणारा दुसरा असेल, किंवा कोरलेल्या अक्षरांत रंग भरला असेल. अक्षरांबद्दल शंका नाही, म्हणून शब्द "रंगवला" असाच राहू द्यायचा.

एक वाक्य मात्र जवळपास पूर्ण आलं आहे, वाचणाऱ्याला उद्देशून. सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, शके ९४० चा मराठी लेख आहे. त्याची शेवटची ओळ सांगते की जो हे वाचील तो विजयी होईल. लँगोलेनचा दगड वाचणाऱ्याला काही देत नाही, त्याच्याकडे मागतो.

[दृश्य: पुन्हा संपूर्ण स्तंभ. ऊन कलतं आहे.]

आता तिसरा परिच्छेद आणि त्यापुढचं वाक्य सलग वाचतो. जिथे अक्षरं नाहीत, तिथे आवाज थांबेल.

"तोच हा एलिसेग, ज्यानं पोविसचा वारसा जोडून घेतला …

[तीन सेकंद शांतता]

… बळानं [किंवा: नऊ (वर्षं)] …

[दोन सेकंद शांतता]

… अँगलांच्या ताब्यातून, आपल्या तलवारीनं, आगीनं.

जो कोणी हा हातानं लिहिलेला दग[ड] वाची[ल], त्यानं एलिसेगच्या आत्म्याला आशीर्वाद द्यावा."

[पडदा काळा. वाऱ्याचा आवाज.]