सहा हजार सहाशे जोड

मित्रहो, आजचं सगळं बोलणं मी एकाच खोलीपुरतं ठेवणार आहे. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. तिथे टेलिफोनची यंत्रं बनत. नोव्हेंबर 1931 ते मे 1932 या काळात संशोधकांनी तिथल्या एका खोलीत 14 कामगारांना अभ्यासासाठी बसवलं. त्यातले नऊ जण तारा जोडणारे, तिघे त्या जोडांना डाग देणारे आणि दोघे तपासनीस. कोपऱ्यात एक निरीक्षक वही घेऊन बसायचा. त्याने हुकूम सोडायचा नाही, कुणाची तक्रार वर न्यायची नाही, फक्त पाहायचं आणि लिहायचं. सुरुवातीला कामगार बिचकले, मग हळूहळू त्याला विसरले. त्या वहीमुळेच आज मी इथे बोलू शकतोय.

काम समजायला सोपं आहे. एक्स्चेंजमध्ये बसवायच्या सामानाच्या टोकांवर तारा गुंडाळायच्या. एका प्रकारच्या नगात 3,300 जोड असत, दुसऱ्यात 3,000. कंपनीच्या इंजिनियरांनी ठरवलेलं प्रमाण होतं तासाला 914 जोड, म्हणजे आठ तासांत 7,312. कामगारांचं प्रमाण वेगळं होतं. दिवसाला दोन नग. मोठ्या नगांचे 6,600, लहान नगांचे 6,000. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, कुणी सभा घेऊन ठरवलेलं नव्हतं. पण ‘दिवसाचं काम’ म्हणजे किती, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. दुपार कलली की ज्यांचा आकडा भरत आला असेल त्यांचे हात मंदावत.

आता तुम्ही म्हणाल, कुवतच तेवढी असेल. संशोधकांनाही ती शंका होती. म्हणून त्यांनी बुद्धीच्या आणि हाताच्या चपळाईच्या चाचण्या घेतल्या. निघालं ते भलतंच. नऊ जणांत सर्वांत कमी काम करणारा माणूस बुद्धीत पहिला आणि चपळाईत तिसरा आला. सर्वांत जास्त काम करणारा चपळाईत सातवा आणि बुद्धीत शेवटचा. कोण किती काम करतो याचा त्याच्या कुवतीशी संबंध लागत नव्हता. लागत होता तो कोण कुणाबरोबर उठतो-बसतो याच्याशी.

कारण खोलीत दोन कंपू होते. पुढच्या बाजूला बसणारे एक, मागच्या बाजूचे दुसरे. पुढचे गप्पा मारत, पैजा लावत. मागचे दंगामस्ती करत, एकमेकांची कामं अदलाबदल करत. पुढच्यांना वाटे आपलं काम जरा वरच्या दर्जाचं. मागच्यांना ते सलत असे. त्यात पगार गटावर होता: सगळ्यांच्या मिळून झालेल्या कामाचा पैसा एकत्र जमायचा आणि ज्याच्या त्याच्या ताशी दराच्या प्रमाणात वाटला जायचा. म्हणजे मागच्यांनी हात आखडला की पुढच्यांच्या खिशालाही चाट. पुढचे त्यांना अंगचोर म्हणून टोमणे मारत आणि मागचे टोमण्यांचा सूड कमी काम करून उगवत. कमी उत्पादन हे त्यांचं भांडणाचं हत्यारच झालं होतं. कागदावर मात्र ते ‘कमी कार्यक्षमता’ एवढंच दिसणार.

आकडा दोन्ही बाजूंनी पाळला जाई, हे नीट लक्षात घ्या. फार जास्त केलंस तर तू दर पाडणारा. फार कमी केलंस तर अंगचोर. सोबत्याला अडचणीत आणेल असं वरिष्ठांना सांगितलंस तर चुगलखोर. शिक्षाही ठरलेली: दंडावर एक सणसणीत गुद्दा. ज्याला बसला त्याने उलट एक मारायचा, तिथे विषय संपला. आम्ही फक्त खेळतोय, असं विचारलं की ते सांगत. पण जास्त राबणाऱ्याला, काम पुरे झालं आता, हे सांगायलाही तोच गुद्दा वापरला जाई.

आता वहीतला माझा सर्वांत आवडता भाग. दिवसअखेरी कामगार आपला आकडा तोंडी सांगत. निरीक्षक मात्र प्रत्यक्ष जोड मोजत होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर सांगितलेला आकडा जास्त सपाट दिसतो. चांगल्या दिवशी थोडं काम मागे ठेवायचं, वाईट दिवशी ते पुढे करायचं. शिवाय ‘माल आला नाही’, ‘दुरुस्ती होती’ अशी कारणं सांगून वाया गेलेल्या वेळाची भरपाई मागायची, त्यातही हात सैल. म्हणजे एखाद्या विभागाचा रोजचा आकडा संशय यावा इतका सरळ असेल, तर तिथे फक्त काम होत नसतं, आकडाही सांभाळला जात असतो. माणसाचं काम नैसर्गिकपणे वरखाली होतं. सरळ रेष कुणीतरी ओढावी लागते.

मग मुकादम काय करत होता? त्याला सगळं दिसत होतं. कामाची अदलाबदल नियमाबाहेरची होती, तरी तो काणाडोळा करी. त्याला रोज याच माणसांत वावरायचं होतं. नियमावर बोट ठेवलं असतं तर काम आणखी अडलं असतं. एक तपासनीस मात्र आपण वेगळे आहोत असं वागू लागला आणि शेवटी त्याने कार्मिक विभागाकडे तक्रार केली. ती गोष्ट खोलीत पोचली. त्यानंतर त्याचं तिथे राहणं इतकं कठीण झालं की त्याला हलवावं लागलं. थोडक्यात, संस्थेच्या अधिकृत उतरंडीत जो वर होता, तोच बाहेर गेला.

कामगारांना कारण विचारलं तर ते म्हणत, जास्त केलं तर दर कापतील, नाहीतर माणसं कमी करतील. रोथलिसबर्गर आणि डिक्सन या अभ्यासकांनी 1939 साली हा सगळा वृत्तान्त प्रसिद्ध केला. या भीतीला कामगारांच्या प्रत्यक्ष अनुभवाचा आधार नाही, असं त्यांचं मत. माझं त्यांच्याशी इथे पटत नाही. साल 1931 होतं, महामंदी होती. बाहेर लोक बेकार होत असताना कामगार आपलं काम पुरवून पुरवून वापरत असतील, तर त्यांच्या भीतीला निराधार म्हणणं हे खुर्चीत बसून सोपं असतं. मे 1932 मध्ये ती खोली बंद झाली, आणि कारण होतं काम नसणं.

पण यावरून ‘घट्ट गट म्हणजे कमी काम’ असा अर्थ काढू नका. स्टॅनली सीशोर यांनी 1954 साली जड यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीतल्या 228 गटांचा अभ्यास मांडला. जिथे गट घट्ट, तिथे माणसामाणसांच्या कामातला फरक कमी. सगळे एका पातळीला येतात. ती पातळी वरची की खालची, हे गटाला कंपनीकडून आधार वाटतो की नाही यावर अवलंबून. गटाचा घट्टपणा आकडा जागेवर धरून ठेवतो, आकडा कोणता हे तो ठरवत नाही.

म्हणून कुणी व्यवस्थापक मला विचारतो, कंपू मोडू का, तेव्हा मी आधी त्याच्याकडून तीन महिन्यांचे रोजचे आकडे मागतो, आणि मागच्या वेळी दर किंवा टार्गेट बदललं तेव्हा जास्त काम करणाऱ्यांचं नेमकं काय झालं होतं ते विचारतो. बहुतेकदा पहिली गोष्ट लगेच मिळते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला ठाऊक नसतं. खाली बसणाऱ्या प्रत्येकाला ते तारखेसकट पाठ असतं.